मण्याचं तिकीट, कूपे आणि शेवटचे काही तास : रेल्वेच्या वाणिज्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या वाणिज्य विभागातले सगळे साहेब आणि मॅडम, आणि रेल्वे बोर्डात तिकिटांचे नियम ठरवणारे सगळे,

नमस्कार.

मी मुलुंडला राहते. घरी आई, मी आणि मण्या. मण्या म्हणजे आमचा गावठी कुत्रा, तांबूस रंग, उजवा कान अर्धा पडलेला, वय नऊ. हार्टची गोळी चालू आहे, सकाळी एक आणि रात्री एक. बाबा गेल्यावर आईला वर्षातून दोनदा कुडाळला घरी जायचंच असतं, आणि मण्याला तिच्याशिवाय आणि तिला मण्याशिवाय करमत नाही, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की ह्याला आता अनोळखी माणसांकडे आठवडाभर ठेवू नका, खाणं सोडेल. त्यामुळे जायचं तर तिघांनी.

मी नियम वाचूनच निघाले होते, नियम मोडून कुत्रं लपवून नेणाऱ्यातली मी नाही. तुमचा नियम मला पटतोही. मोठं कुत्रं फक्त फर्स्ट एसी किंवा फर्स्ट क्लासमध्ये, आणि तेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर असेल तरच. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपर, चेअर कार, कुठेच नाही. ते योग्य आहे, कारण शेजारच्या बर्थवरच्या माणसाला कुत्र्याची भीती असेल, अ‍ॅलर्जी असेल, त्याने का सहन करायचं. मला तक्रार नियमाची करायची नाहीये. तो पाळायला जो वेळ लागतो तो तुमच्या पद्धतीत प्रवाशाला मिळतच नाही, सगळं शेवटच्या काही तासांत येऊन साचतं, आणि तिथेच आमच्यासारखे लोक अडकतात. तेवढं एकच सांगायला हे पत्र.

आधी जे लोक पहिल्यांदाच जाणार आहेत त्यांच्यासाठी, कारण हे पत्र तेही वाचतील. मुंबईतून कुत्रा नेता येईल अशी गाडी शोधायची तर बुकिंग करताना क्लासच्या यादीत 1A, म्हणजे फर्स्ट एसी, दिसतोय का ते पाहायचं. कोकणकन्या, सिद्धेश्वर, विदर्भ अशा रात्रीच्या गाड्यांना तो असतो. पण पुण्याला जायला लोक रोज ज्या गाड्या पकडतात, डेक्कन क्वीन, इंटरसिटी वगैरे, त्या सगळ्या बसून जायच्या गाड्या. जनशताब्दी, तेजस, वंदे भारतचंही तसंच. एक्झिक्युटिव्ह चेअर कार महाग असते म्हणून माणसं तिला फर्स्ट क्लास समजतात, माझ्या मावशीने तसं समजून तिकीट काढलं होतं, पण तिथे बंद होणारा कूपेच नाही म्हणजे कुत्र्याला परवानगीच नाही. पुण्याला कुत्रा न्यायचा असेल तर पुण्यावरून पुढे जाणारी, 1A असलेली लांब पल्ल्याची गाडी बघावी लागते, किंवा मग रस्त्याने.

आणि दोन माणसं असतील तर एकाच पीएनआरवर दोन तिकिटं काढायची, म्हणजे कूपेची शक्यता. तीन माणसं असतील तर चार तिकिटं काढून पूर्ण केबिन. आणि तिकीट कन्फर्म पाहिजे, आरएसी किंवा वेटिंगवर हा खेळ चालत नाही.

आता माझी पहिली खेप सांगते, म्हणजे कुठे काय अडतं ते तुम्हाला दिसेल. गाडीचं आणि स्टेशनचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण तिथल्या एकेका माणसाचा दोष मला वाटत नाही.

दीड महिना आधी आईचं आणि माझं 1A चं कन्फर्म तिकीट काढलं. ऑनलाइन फॉर्ममध्ये कुठेही "सोबत पाळीव प्राणी आहे" असं सांगायची जागा नव्हती. बर्थ नंबरही नव्हता, कारण फर्स्ट एसीत कूपे कोणाला आणि केबिन कोणाला हे चार्ट लागताना ठरतं. म्हणून प्रवासाच्या तीन दिवस आधी मी सुट्टी टाकून अर्ज घेऊन गेले, दोन प्रती, पीएनआरची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, मण्याच्या रेबीजच्या लसीच्या पानाची झेरॉक्स. खिडकीतल्या बाईंनी नीट वाचून घेतला, एका प्रतीवर शिक्का मारून दिला आणि म्हणाल्या "ताई प्रयत्न करतो, पण हमी नाही, आमदार-खासदारांची, सिनियर ऑफिसरांची नावं आली तर कूपे तिकडे जातो." स्पष्ट बोलल्या ते बरं वाटलं. अर्धा डबा फर्स्ट एसी आणि अर्धा सेकंड एसी असा HA1 असला की त्यात कूपे असतात तरी किती, एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, आणि मागणारे बरेच.

मग डॉक्टरचा दाखला. तो गाडीच्या २४ ते ४८ तास आतलाच लागतो, जात, रंग, नर की मादी, प्रवासाला फिट आहे असं लिहिलेला. म्हणजे तो आठवडाभर आधी करून ठेवता येत नाही. संध्याकाळी ऑफिसातून सुटून क्लिनिकला गेले, मण्याचं वजन बावीस किलो भरलं, डॉक्टरांनी छातीला लावून ऐकलं, मण्या टेबलवर थरथरत होता आणि माझ्या कोपरात नाक खुपसून उभा होता, दाखला मिळाला.

प्रवासाच्या दिवशी चार्ट लागला. पूर्वी तो गाडीच्या चार तास आधी लागायचा, आता बराच आधी लागतो, ही सुधारणा चांगली आहे, मनापासून सांगते. पण मेसेज बघितला आणि पोटात गोळा आला, आमचे दोन्ही बर्थ चार जणांच्या केबिनमध्ये आले होते. म्हणजे अजून दोन अनोळखी माणसं. म्हणजे मण्याला परवानगी नाही. आणि चार्ट लागल्यावर कन्फर्म तिकीट कॅन्सल केलं तर पैसे परत नाहीत. ह्या क्षणी माझ्याकडे तिकीट होतं, दाखला होता, शिक्का मारलेला अर्ज होता, आणि तरीही प्रवास नव्हता.

तरी गेलो. नियमाप्रमाणे तीन तास आधी पार्सल ऑफिसला पोचलो. तिथले काका चांगले होते, पण म्हणाले कूपे तुमच्या नावावर आहे असं लिहून आणा, त्याशिवाय मी कुत्र्याची पावती फाडणार नाही. बरोबर आहे त्यांचं. म्हणून चार्ट करणाऱ्यांकडे गेले, ते म्हणाले आता चार्ट फायनल झाला, गाडीतल्या टीटीईंना विचारा, ते अदलाबदल करून देतील. टीटीई गाडी लागल्यावरच भेटणार. गाडी फलाटावर लागली, टीटीई आले, ते म्हणाले अदलाबदल मी करून देईन कोणी तयार असेल तर, पण कुत्र्याची पावती आधी दाखवा. पावतीला कूपे हवा आणि कूपेला पावती हवी. मी त्या फलाटावर तीन वेळा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाले, आई बाकावर मण्याचा पट्टा मनगटाला गुंडाळून बसली होती आणि मण्याला भरपूर लाळ गळत होती, ताण आला की त्याची गळते.

शेवटी सामानाच्या डब्यातला डॉग बॉक्स सुचवला गेला. तो बघायला मी गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. लोखंडी पेटी, जाळीचं दार, आत कुत्रा उभा राहिला तर मान खाली घालावी लागेल एवढी उंची, बाजूला पार्सलचे गोण. एकदा दार बंद झालं की चालत्या गाडीत मला तिथे जाता येत नाही, आणि पाणी, खाणं बघायची जबाबदारी मात्र नियमाप्रमाणे मालकाचीच. ती जबाबदारी फक्त थांब्यावर उतरून पळत जाऊन पार पाडायची, आणि रात्री कोकणातले बरेच थांबे दोन मिनिटांचे. तरुण, धडधाकट कुत्र्याला, थंडीच्या दिवसांत, कमी अंतरासाठी ते चालेलही. हृदयाचा त्रास असलेल्या नऊ वर्षांच्या कुत्र्याला मे महिन्यात दहा-अकरा तास त्या पेटीत ठेवायला मी तयार झाले नाही. रात्रीची गोळीही कोण देणार होतं त्याला.

गाडी गेली. आम्ही फलाटावर.

त्या रात्री टॅक्सीने गेलो, साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, महामार्गाने. पहिला ड्रायव्हर फोनवर "हो हो" म्हणाला आणि मण्याला बघून गाडी वळवून गेला, त्याला मी दोष देत नाही, मी फोनवर नुसतं "पेट आहे" म्हटलं होतं आणि बावीस किलोचा म्हटलं नव्हतं. तेव्हापासून मी बुकिंग झाल्या झाल्या मेसेजमध्येच लिहिते, "मोठा कुत्रा आहे, वीस-बावीस किलो, मागच्या सीटवर चादर घालून बसेल, पट्टा आणि तोंडाची जाळी आहे, चालेल का?" आणि फोटो पाठवते. ज्या अ‍ॅपमध्ये पाळीव प्राण्यांची वेगळी गाडी निवडता येते तिथे तेच निवडायचं, नाहीतर साधी गाडी घेऊन दारात वाद घालण्यात काही मिळत नाही, कारण त्या ड्रायव्हरनं नाही म्हटलं तर तुमच्या हाती काही नसतं. टॅक्सीवाल्या दादांनाही एक विनंती, नाही म्हणायचं असेल तर फोनवरच म्हणा, आम्हाला राग येत नाही, सामान खाली आणल्यावर नाही म्हटलं की मात्र म्हातारी माणसं भर उन्हात उभी राहतात. दुसरा ड्रायव्हर आला तो सावंतवाडीचाच होता, त्याने मण्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि सफाईचे पाचशे वेगळे ठरवून घेतले, तेही आधी सांगून. तो प्रवास चांगला झाला, पण फर्स्ट एसीची दोन तिकिटं फुकट गेली आणि वर टॅक्सी. एवढं सगळ्यांना परवडत नाही, मलाही परत परवडणार नाही.

दुसरी खेप गणपतीनंतर केली, आणि ती जमली. कशी जमली ते लिहिते कारण ते तुमच्याच कर्मचाऱ्यांमुळे जमलं.

ह्या वेळी अर्जात मी फक्त "कूपे मिळावा" असं लिहिलं नाही. कुत्र्याचा उल्लेख पहिल्या ओळीत, त्याखाली पीएनआर, गाडी नंबर, तारीख, दोन प्रवाशांची नावं, आणि शेवटी एक वाक्य, "कूपे न मिळाल्यास प्रवास करता येणार नाही." वर आईचं वय लिहिलं. ऑफिसातून शिक्का घेतला आणि चार्ट लागायच्या आदल्या दिवशी परत जाऊन आठवण केली. चार्ट लागला, मेसेज आला, बर्थ नंबरासोबत कूपेचं अक्षर आलं, दोनच बर्थ. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले, खोटं कशाला बोलू.

गाडी जिथून सुटते तिथूनच चढायचं ठरवलं. मुलुंडवाल्यांना ठाणे जवळ, सगळे म्हणतात ठाण्याला चढ ना, पण ठाण्याला गाडी जेमतेम काही मिनिटं थांबते, त्या वेळात कुत्रा, सामान, म्हातारी आई, टीटीईला पावती दाखवणं, काही गोंधळ असेल तर निस्तरणं, सगळं शक्य नाही. सुटायच्या स्टेशनवर गाडी बराच वेळ आधी लागलेली असते, टीटीई दारात भेटतात, मण्याला डब्याचा वास घ्यायला वेळ मिळतो. तिकिटावर बोर्डिंगही तेच ठेवायचं, नाहीतर तुम्ही आला नाहीत म्हणून बर्थ दुसऱ्याला जाऊ शकतो. सीएसएमटीवरून जाणाऱ्यांनी पी. डिमेलो रोडच्या बाजूने यावं, १८ नंबरकडून, तिकडे टॅक्सी फलाटाच्या जवळ येते, लोकलच्या गर्दीतून आणि पुलावरून कुत्रा न्यावा लागत नाही. आणि कुठल्याही स्टेशनवर कुत्र्याला सरकत्या जिन्यावर चढवू नका, जिना संपतो तिथल्या दातऱ्यांत पंजाचं नख अडकतं. उचलून घ्या, नाहीतर साधा जिना नाहीतर लिफ्ट.

पार्सल ऑफिसला पावतीसाठी तिकीट, ओळखपत्र, दाखला आणि लसीचं पुस्तक दिलं. एक गोष्ट अनेकांना माहीत नसते, कुत्र्याला काट्यावर चढवत नाहीत, ठरलेलं एक वजन धरून लगेजच्या दराने पैसे घेतात, त्यामुळे माझा कुत्रा बारीक आहे म्हणून हुज्जत घालू नका. पावती सगळ्या प्रवासात जवळ ठेवायची. विनापावती सापडला तर लगेजच्या सहापट दर लागतो.

कूपेचं दार ओढून घेतलं आणि मण्या खालच्या बर्थखाली आपल्या जुन्या चादरीवर जाऊन पडला. गाडी हलली तेव्हा एकदा डोकं वर केलं, मग आईच्या पायावर हनुवटी ठेवली. निघायच्या चार तास आधी खाणं बंद केलं होतं, पाणी थोडं थोडं, दाराजवळ जमिनीवर डायपर पॅड पसरलं होतं. ते त्याने वापरलं नाही, सगळी रात्र दाबून धरली, घरात करायचं नाही हे त्याला इतकं पक्कं माहीत आहे की डब्यातही त्याने केलं नाही. त्याला त्यासाठी उतरवायचा मोह मला रत्नागिरीला झाला, पण उतरवला नाही, अनोळखी फलाटावर अंधारात कुत्रा बिथरला आणि गाडी सुटली तर काय करणार. ज्यांचं कुत्रं एवढं धरू शकत नाही त्यांनी घरी महिनाभर आधी पॅडची सवय लावावी, गाडीत पहिल्यांदा पॅड दाखवून काही होत नाही. कुडाळ आलं, पहाटेचा गार वारा आला तसं त्याने दाराच्या फटीला नाक लावलं आणि शेपटीने बर्थवर धपधप सुरू केलं. अटेंडंट दादा म्हणाले "ह्याला कळलं वाटतं गाव आलं."

तर साहेब, मॅडम, दोन्ही खेपांत माझ्या बाजूने जवळजवळ सगळं सारखंच होतं. तसंच तिकीट, शिक्का मारलेला अर्ज, तसाच दाखला. दुसऱ्या वेळी अर्ज जरा नीट लिहिला आणि आठवण केली, एवढंच. खरा फरक चार्टच्या वेळी कूपे आला की नाही हाच होता. म्हणून मागणं थोडकं आहे.

तिकीट काढतानाच "सोबत कुत्रा आहे" अशी एक खूण करायची सोय द्या, आणि तशी खूण केलेल्या दोन जणांच्या पीएनआरला कूपे तिथल्या तिथे पक्का करा. त्याचे जास्त पैसे घ्या, देऊ. दर गाडीत एकच कूपे असा ठेवलात तरी चालेल, भरला की पुढच्याला तेव्हाच कळेल आणि तो दुसरी तारीख बघेल. हे जमेपर्यंत निदान एवढं करा, की कुत्र्यासाठी अर्ज शिक्का मारून घेतलाय आणि चार्टमध्ये कूपे दिला नाही, तर त्या तिकिटाचे पूर्ण पैसे चार्ट लागल्यावरही परत मिळावेत. प्रवासी स्वतःहून कॅन्सल करत नाहीये, तुमच्याच नियमामुळे त्याला चढता येत नाहीये.

आणि पार्सल ऑफिस आणि टीटीई ह्यांच्यात आधी कोण हे लिहून ठेवा. अदलाबदलीने कूपे मिळत असेल तर टीटीईने चिठ्ठी द्यायची आणि पार्सलने त्यावर पावती फाडायची, की उलटं, काहीही ठरवा, पण एकच ठरवा आणि पार्सल ऑफिसच्या काचेवर मराठीत मोठ्या अक्षरात लावा. सोबत कागद कोणते लागतात, दाखला किती तासांचा, किती आधी यायचं, डॉग बॉक्स ह्या गाडीला आहे की नाही, हेही. आज हे सगळं माणसाला खिडकी-खिडकी फिरून कळतं, आणि प्रत्येक खिडकीला थोडं वेगळं कळतं.

डॉग बॉक्सबद्दल एवढंच, तो कूपेला पर्याय म्हणून सुचवण्याआधी त्यात एक पाण्याची वाटी बाहेरून भरता येईल अशी आणि हवा खेळेल अशी जाळी दोन बाजूंनी करा, आणि थांब्यावर मालक येऊन बघतो तेव्हा ट्रेन मॅनेजरने दार उघडून द्यायचं हे त्यांच्या कामात लिहा.

आम्ही शिमग्याला परत निघतोय. तिकीट काढलंय, दोन बर्थ, 1A, कन्फर्म, सुटायच्या स्टेशनवरून. अर्ज घेऊन मी पुढच्या सोमवारी तुमच्या खिडकीवर येते, दोन प्रती आणि सगळ्या झेरॉक्स सोबत असतील.

तुमची,
मण्याची ताई, मुलुंड